पोलीस ठाण्यातून जप्त सोनं गायब झालं, तर भरपाई सरकारकडून कशी मागायची?

खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाईवाले देशभर पसरलेले आहेत. कोइंबतूरपासून कोलकात्यापर्यंत सोन्या-चांदीची गलाई करणारी दुकानं विटा परिसरातल्या माणसांची असतात. सोनं घेऊन प्रवास करणं हा धंद्याचा भाग असल्याने रस्त्यात तपासणी होणं आणि संशयावरून माल जप्त होणं हेही आलंच. जप्ती झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. बिलं, नोंदी दाखवल्या की माल परत मिळतो. खरा प्रश्न पुढचा आहे. न्यायालयाने माल परत द्यायला सांगितला आणि ठाण्यातून उत्तर आलं, "मुद्देमाल मिळून येत नाही", तर काय करायचं?

अशा वेळी बहुतेक जण दोन टोकांपैकी एकावर जातात. कुणी म्हणतं, सरकारवर कुठे दावा चालतो का? कुणी म्हणतं, त्या मुद्देमाल कारकुनावर गुन्हा दाखल करा, पैसे वसूल होतील. पहिल्यांचं म्हणणं आज चुकीचं आहे. दुसऱ्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, कारण फौजदारी खटल्यात कारकुनाला शिक्षा झाली तरी तुमचं सोनं किंवा त्याची किंमत हातात येईलच असं नाही. पैसे सरकारकडून मिळवायचे असतील तर वाट वेगळी आहे. ती टप्प्याटप्प्याने सांगतो. त्याआधी, सरकारी वकील तुमच्यासमोर जो निकाल ठेवणारच आहेत, तो ओळखून घेऊ.

सरकारी वकिलांच्या हातातला निकाल

सप्टेंबर 1947 मध्ये अमृतसरच्या एका पेढीचे भागीदार सोनं-चांदी विकायला मेरठला गेले. रात्री बाजारातून जाताना पोलिसांनी त्यांना अडवलं. त्यांच्याजवळचं 103 तोळ्यांहून थोडं जास्त सोनं आणि चांदी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला, पुढे चांदीही परत मिळाली. सोनं मात्र मिळालं नाही, कारण मालखाना सांभाळणारा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात गेला. पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला आणि खालच्या न्यायालयात जिंकलाही. सर्वोच्च न्यायालयात मात्र कस्तुरीलाल रलियाराम जैन विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या नावाने पाच न्यायमूर्तींपुढे तो हरला. न्यायालयाने पोलिसांचा निष्काळजीपणा मान्य केला. पण अटक, झडती आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचे अधिकार आहेत आणि ते वापरताना नोकराने केलेल्या चुकीसाठी सरकारवर दावा चालत नाही, असं म्हटलं.

हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्रल्हाद गजेंद्रगडकर मूळचे साताऱ्यात जन्मलेले. निकालातच त्यांनी ही स्थिती समाधानकारक नसल्याचं सांगून विधिमंडळाने इंग्लंडप्रमाणे कायदा करावा, असं सुचवलं होतं. 1960 च्या दशकात तसं विधेयक संसदेत आलंही, पण कायदा कधी झाला नाही. म्हणून आजही सगळा आधार संविधानाच्या कलम 300 वर आणि निकालांवर आहे.

कलम 300 थोडं विचित्र आहे. राज्यावर दावा कधी चालेल याचं उत्तर ते सरळ देत नाही. संविधानापूर्वीच्या प्रांतावर जसा चालला असता तसा, असं म्हणतं. त्या प्रांतावर कसा चालला असता, याचं उत्तर जुन्या कायद्यांतून मागे मागे जात 1858 पर्यंत आणि तिथून ईस्ट इंडिया कंपनीपर्यंत पोहोचतं. ज्या कंपनीने 1848 मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा केलं, तिच्यावर कोलकात्यात दावा लागला असता का, या प्रश्नावर साताऱ्यातल्या माणसाची भरपाई ठरावी, हा आपल्या कायद्याचा गमतीदार वारसा. 1861 मध्ये कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पी अँड ओ जहाज कंपनीच्या दाव्यात कंपनी सरकारच्या कामांचा एक वर्ग दाव्याला पात्र ठरवला. गोदीतल्या कामगारांच्या निष्काळजीपणाने घोडा बुजून जखमी झाला होता. गोदी चालवणं हे काही राजाचंच काम नव्हे, म्हणून भरपाई मिळाली. सार्वभौम आणि बिगरसार्वभौम कामं अशी रेघ तिथून आली आणि कस्तुरीलालमध्ये ती पोलिसांच्या जप्तीवर ओढली गेली.

तो निकाल आज कुठे आहे

कस्तुरीलाल कधीच मोठ्या पीठाने औपचारिकपणे रद्द केला नाही. म्हणून सरकारी वकील तो मांडतात आणि मांडत राहतील. पण पुढच्या निकालांनी त्याची धार बरीच कमी केली आहे. तुमच्या वकिलाने हे चार निकाल हाताशी ठेवावेत, कारण त्यांतला प्रत्येक वेगळ्या कामाला येतो.

गुजरात सरकार विरुद्ध मेमन महोमद, 1967. जकात अधिकाऱ्यांनी जप्त केलेली वाहनं, जप्तीविरुद्धचं अपील प्रलंबित असतानाच, बेवारस समजून विकली गेली. न्यायालयाने म्हटलं, जप्त केलेली वस्तू ताब्यात असेपर्यंत सरकार निक्षेपधारक असतं. म्हणजे दुसऱ्याचा माल सांभाळणारा. त्यासाठी करार झालेला असण्याची गरज नाही.

बसव्वा पाटील विरुद्ध म्हैसूर सरकार, 1977. चोरीला गेलेले दागिने पोलिसांनी शोधून काढले, पण ठाण्यातल्या पेटीतून ते गेले आणि उघडल्यावर पेटीत दगड निघाले. माल नष्ट झाला किंवा हरवला आणि सरकारने नीट काळजी घेतल्याचं दाखवता आलं नाही, तर फौजदारी न्यायालयच मालकाला त्याची किंमत देण्याचा आदेश देऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. मला हा निकाल सर्वांत उपयोगी वाटतो, कारण त्यात वेगळा दावा लावायचीही गरज पडत नाही.

नागेंद्र राव विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार, 1994. जप्त केलेलं खत आणि धान्य वेळेत परत न दिल्याने त्यातला बराच माल खराब झाला. न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. युद्ध, परराष्ट्र व्यवहार, प्रदेश ताब्यात घेणं-सोडणं अशी मोजकी कामं सोडली तर सार्वभौमत्वाचा बचाव आधुनिक राज्याला चालत नाही, असं स्पष्ट केलं.

चल्ला रामकृष्ण रेड्डी, 2000. तुरुंगावर झालेल्या बॉम्बहल्ल्यातल्या मृत्यूच्या प्रकरणात कस्तुरीलालला आता बंधनकारक मूल्य उरलेलं नाही, अशा अर्थाचं न्यायालयाने म्हटलं. हा शब्दप्रयोग सरकारी वकिलांपुढे ठेवण्यासाठी ठीक आहे. पण पीठ लहान होतं, हे प्रतिपक्षही सांगेल. म्हणून आपली बाजू मुख्यतः मेमन महोमद आणि बसव्वा यांच्यावर उभी करावी.

एक प्रकरण गृहीत धरून पुढे जाऊ. विट्याचे एक आबा कोइंबतूरहून 300 ग्रॅम सोनं घेऊन येत होते. 12 जानेवारीला साताऱ्याजवळ महामार्गावर गाडी तपासताना पोलिसांनी संशयावरून ते जप्त केलं. बिलं पुतण्याजवळ होती, त्यामुळे त्या वेळी दाखवता आली नाहीत.

पहिला टप्पा: कागद, तोही त्याच आठवड्यात

जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 खाली संशयित मालाची जप्ती होते आणि तिचा अहवाल दंडाधिकाऱ्यांना पाठवावा लागतो. कलम 105 नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. त्यामुळे चित्रीकरण झालं का, आणि पंचनाम्यात वजन, संख्या, शिक्के, शुद्धता नेमकी काय लिहिली, हे पाहा. "पिवळ्या धातूच्या पट्ट्या" एवढंच लिहिलं असेल तर ताबडतोब हरकत अर्ज द्या. पुढे सोनं नसून पितळ होतं, असा बचाव येण्याची वाट त्याच शब्दातून निघते. ठाण्यात मुद्देमाल नोंदवहीत कोणत्या क्रमांकाने नोंद झाली, तो क्रमांक मिळवा. हा क्रमांक पुढच्या प्रत्येक अर्जात घालायचा.

त्याच वेळी मालकीचे कागद जमवा. खरेदीची बिलं, गलाईच्या भट्टीची नोंदवही, बँक व्यवहार, ज्या सराफाने दिलं त्याचं शपथपत्र. माल कुणाचा आहे, याविषयी वाद राहिला तर सरकारची जबाबदारी ही दुसरी गोष्ट झाली. आधी तुम्हीच त्याचे हक्कदार ठरायला हवं.

दुसरा टप्पा: दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज

थेट दिवाणी दाव्याची घाई नको. आधी साताऱ्याच्या दंडाधिकाऱ्यांकडे माल परत मिळण्यासाठी अर्ज करावा. माल न्यायालयापुढे हजर झालेला नसेल, नुसता अहवाल गेलेला असेल तर कलम 503, चौकशी किंवा खटला चालू असताना हजर असेल तर कलम 497. कलम 497 मध्ये नव्या संहितेने माल न्यायालयासमोर आल्यावर 14 दिवसांत त्याचं वर्णनपत्र तयार करण्याची आणि त्यानंतर 30 दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश देण्याची मुदत घातली आहे. फोटो-चित्रीकरण ठेवून गरज पडल्यास हजर करण्याच्या हमीवर, म्हणजे सुपुर्दनाम्यावर, माल मालकाला द्यावा, ठाण्यात सडत ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात 2002 मध्ये सांगितलंच होतं.

हा टप्पा दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. आदेश झाला की माल परत द्यायची ठराविक वेळ ठरते. आणि पोलिसांना म्हणणं द्यावं लागतं. म्हणण्यात "मुद्देमाल मिळून येत नाही" असं लेखी आलं, की तुमचं निम्मं काम सरकारनेच केलं.

आबांच्या बाबतीत 20 मेला परतीचा आदेश झाला. 8 जूनला ठाण्यात तपासणी झाली, 16 जूनला न्यायालयात अहवाल आला की 3 मार्चच्या तपासणीत पाकीट दिसलं होतं, आता नाही.

इथे थांबून एक अर्ज टाकायचा. बसव्वा पाटील निकालाचा आधार घेऊन त्याच दंडाधिकाऱ्यांकडे मागणी करायची की, सरकारने काळजी घेतल्याचं दाखवलेलं नाही, म्हणून 300 ग्रॅमची किंमत द्यावी. कपाटाला एकच कुलूप, किल्ली टेबलाच्या खणात, रात्रीची नोंद नाही, असा तपशील अहवालातच असेल तर अर्ज मजबूत असतो. न्यायालय म्हणालं की वजन, शुद्धता, मालकी यांचा पुरावा घ्यावा लागेल, दिवाणी न्यायालयात जा, तर अर्ज फेटाळला तरी काही बिघडत नाही. पण त्यावरच्या आशेवर दिवाणी मुदत घालवू नये. दोन्ही वाटा एकाच वेळी चालवाव्यात आणि दाव्यात या अर्जाचा उल्लेख करावा, म्हणजे एकाच मालाची किंमत दोनदा मागितली असा आक्षेप येत नाही.

तिसरा टप्पा: कुणावर आणि कुठे

पोलीस ठाणे, पोलीस अधीक्षक कार्यालय किंवा गृह विभाग यांना स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 79 नुसार प्रतिवादी म्हणून "महाराष्ट्र राज्य" असं लिहायचं, आणि इकडच्या रिवाजाप्रमाणे "तर्फे जिल्हाधिकारी, सातारा". ठाण्याच्या नावाने दावा लावलेले काही जण नंतर दुरुस्तीचे अर्ज करत बसतात आणि त्यात मुदत निघून जाते.

ज्याच्या ताब्यात माल होता त्या अधिकाऱ्याला दुसरा प्रतिवादी करावं का? चोरी त्यानेच केल्याचा भक्कम पुरावा असेल तर हो. नसेल तर दाव्याचा पाया निक्षेपावर ठेवावा. त्याचा फायदा असा की, कुणी चोरलं हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. माल दिला आणि परत मिळाला नाही, एवढं दाखवलं की, करार कायद्याच्या कलम 151 मधली सामान्य माणसाइतकी काळजी घेतली होती, हे दाखवणं सरकारवर येतं. किल्ली कुणाकडे होती, पहारा कोण देत होता, हे त्यांनाच माहीत असतं, आणि जे विशेष माहितीतलं आहे ते सांगण्याची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 109 नुसार त्यांच्यावर येते.

दावा कुठे? आबा विट्याचे, पण चुकीचं काम साताऱ्यात झालं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 19 नुसार दावा जिथे चूक झाली किंवा प्रतिवादी राहतो तिथे. सरकार सगळीकडेच राहतं म्हणून विट्यात लावू, हा युक्तिवाद चालत नाही. म्हणून सातारा. शिवाय राज्य प्रतिवादी असल्याने दावा कनिष्ठ स्तराकडे नव्हे, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे दाखल करायचा, मग रक्कम कितीही असो.

जाता जाता: नगरपालिका, जिल्हा परिषद, महानगरपालिका या "सरकार" नव्हेत, त्या स्वतंत्र संस्था आहेत. त्यांच्यावरच्या दाव्याच्या नोटिशीची आणि मुदतीची कलमं त्यांच्या त्यांच्या कायद्यात आहेत. तसंच माल सीमाशुल्क किंवा रेल्वे सुरक्षा दलाने पकडला असेल तर प्रतिवादी भारत सरकार होईल. आणि सरकारी जीपने धडक दिली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा. तिथे पुढच्या टप्प्यात येणारी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस लागत नाही आणि 2022 पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे.

चौथा टप्पा: नोटीस

कलम 80 ची नोटीस दिल्याशिवाय आणि ती पोहोचून दोन महिने झाल्याशिवाय राज्यावर दावा लावता येत नाही. ती राज्य सरकारच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची. अधिकारी प्रतिवादी असेल तर त्याला वेगळी. नोटिशीत वादीचं नाव, ओळख, राहण्याचं ठिकाण, दाव्याचं कारण आणि मागणी, एवढ्या गोष्टी हव्यातच. आणि दाव्याच्या अर्जात नोटीस दिल्याचं वाक्य हवं.

नोटिशीत काय मागता, याचा आधीच विचार करा. 300 ग्रॅम सोनं परत, न मिळाल्यास दाव्याच्या निकालाच्या दिवशीची किंमत, आणि नोटिशीच्या तारखेपासून व्याज. सोन्याचा भाव चढता असेल तर जप्तीच्या दिवशीची किंमत मागून माणूस स्वतःच तोटा करून घेतो. वस्तू परत किंवा तिची किंमत, असा पर्यायी हुकूम देण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20, नियम 10 मध्ये आहे. व्याजाच्या कायद्यानुसार नोटिशीत व्याज मागितलं असेल तर त्या तारखेपासून मिळू शकतं. म्हणून ते वाक्य विसरू नये.

नोटीस लिहिताना अवघड वाटलं तर एवढं पुरे: "दि. 12 जानेवारी रोजी माझ्या मालकीचे 300 ग्रॅम सोने आपल्या ठाण्याने पंचनाम्याने ताब्यात घेतले. मा. दंडाधिकाऱ्यांनी दि. 20 मे रोजी परतीचा आदेश केला. दि. 16 जून रोजी माल मिळून येत नसल्याचा अहवाल आला. आपल्या ताब्यात असताना माल गेला असल्याने तो किंवा त्याची किंमत व व्याज देण्यास राज्य जबाबदार आहे." नियम, कलमं, निकाल नोटिशीत ओतायची गरज नाही.

नोटीस जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक नोंदीत घालून शिक्का घ्यावा. पोस्टाची पोहोच पावती एकदा हरवली की "मिळालीच नाही" हा बचाव उभा राहतो. दाव्याची तातडी असेल, उदा. माल देशाबाहेर जाण्याची भीती, तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवायही दावा लावता येतो, पण सरकारला म्हणणं मांडू न देता अंतरिम आदेश मिळत नाही.

पाचवा टप्पा: मुदत, आणि तिचा सापळा

इथेच सर्वाधिक दावे बुडतात. सर्वसाधारण मुदतीच्या कायद्यात विशिष्ट जंगम वस्तू अडकवून ठेवल्याच्या भरपाईला तीन वर्षं आहेत, ताबा बेकायदेशीर झाल्यापासून. म्हणून माणूस निवांत राहतो. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 161 आडवं येतं. पोलीस अधिकाऱ्याने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्यासाठीचा दावा सहा महिन्यांत लावावा लागतो आणि त्याला किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. त्यावर वाद होऊ शकतो. स्वतःसाठी सोनं उचलणं हे कर्तव्याच्या नावाखाली होतं का? हे कलम राज्यालाही लागू होतं का? असे युक्तिवाद करता येतात आणि करावेत. पण सहा महिन्यांत दावा लावून ते करण्याची वेळच येऊ देऊ नये. मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टातल्या अनुच्छेद 72 प्रमाणे कायद्याखालच्या कृत्याची एक वर्षाची मुदतही सांगितली जाते, तीही सरकारच्या लेखी उत्तरात, म्हणजे कैफियतीत दिसते.

आबांचं गणित करू. सहा महिने मोजायची तारीख कोणती? जप्ती 12 जानेवारीला झाली. तिथून मोजलं तर 12 जुलैला मुदत संपते, पण तक्रार जप्तीची नाही. जप्ती कायदेशीर होती. तक्रार माल गमावल्याची आहे. माल शेवटचा 3 मार्चला दिसला, म्हणून सर्वांत कडक मोजणीने मुदत 3 सप्टेंबरला संपते. तो नाहीसा झाल्याचं न्यायालयात 16 जूनला कळलं, तिथून मोजलं तर डिसेंबर. मुदतीच्या कायद्याचं कलम 15 नोटिशीचा काळ वगळू देतं, तेही जमेस धरता येईल. पण शहाणा वकील या सगळ्यांवर अवलंबून राहत नाही. नोटीस 25 जूनला कलम 80 आणि 161 या दोन्हींच्या नावाने एकत्र दिली, 25 ऑगस्टला दोन महिने झाले, 28 ऑगस्टला दावा दाखल केला. 3 सप्टेंबरच्या आत. 12 जुलैची मोजणी कुणी लावून धरली तर उत्तर द्यायला वर सांगितलेला युक्तिवाद आहे.

इथे 10 दिवसांची उशिराई सगळं बदलते, हे पाहा. नोटीस 5 जुलैला गेली असती तर दोन महिने 5 सप्टेंबरला भरले असते, आणि कडक मोजणीची तारीख हातून गेली असती.

सहावा टप्पा: दावा आणि सरकारची उत्तरं

अर्जात घटनाक्रम साधा लिहा. ताबा, आदेश, न परतणं, नुकसान. "सार्वभौम" हा शब्द तुम्ही स्वतःहून आणू नका, तो सरकारच्या कैफियतीत येईल. आल्यावर उत्तर असं: अटक-जप्ती करणं हा सत्तेचा वापर असेलही, पण जप्त झालेली वस्तू कपाटात सांभाळणं हे कुणीही माल ठेवणारा करतो ते काम आहे. दोन कामं निराळी ठेवली की कस्तुरीलालचा आधार सैल होतो. मेमन महोमदमधला निक्षेपाचा विचार इथे कामाला येतो.

दुसरं उत्तर येतं, चोरी करणं हे नोकरीचं काम नव्हे, म्हणून मालक जबाबदार नाही. पण मालक त्या नोकराकडे सोपवलेल्या मालाबद्दल जबाबदार असतो. ज्याच्यावर सांभाळायची जबाबदारी टाकली त्यानेच उचललं, तर ते काम करतानाच झालं. बाहेरच्या चोराने ठाणं फोडलं असेल तर प्रश्न काळजीचा राहतो आणि तिथे सरकारला यश मिळू शकतं, विशेषतः पहारा, कुलूप, नोंदी नीट असतील तर.

तिसरं उत्तर: सद्‌हेतू. हे अधिकाऱ्याच्या वैयक्तिक जबाबदारीसाठी काही प्रमाणात चालतं. हरवलेल्या मालासाठी नव्हे.

मुद्देमाल नोंदवही, ठाणे दैनंदिनी, पहारा नोंदवही आणि 3 मार्चचा तपासणी अहवाल हजर करायला लावण्याचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा. माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज करून त्याआधी काही मिळतं का पाहावं. तपास चालू असल्याचं कारण सांगून ते नाकारतील. नाकारल्याचं पत्रही दाव्यात कामाला येतं.

रकमेचा भाग लहान पण महत्त्वाचा. समजा दाव्याच्या वेळी दर ग्रॅमला 9,000 रुपये धरला, तर मूल्यांकन 27 लाख रुपये. न्यायालयीन शुल्क या आकड्यावर द्यावं लागतं. ते भरण्यापूर्वी खर्च जमतो का, हे पाहावं. पंचनाम्यात वजन आणि शुद्धता नसेल तर 27 लाखांचा दावा लावून 5 लाखांचा हुकूम मिळवण्यात अर्थ नाही. पुराव्याइतकाच आकडा ठेवावा.

उच्च न्यायालयात थेट जावं का?

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली दोन्ही त्याखाली येतात. मुंबईची फेरी वाचली. मात्र अनुच्छेद 226 खाली भरपाई मिळते ती बहुधा कोठडीतला मृत्यू, बेकायदेशीर कोंडून ठेवणं अशा जीविताच्या हक्काच्या प्रकरणांत, जिथे वस्तुस्थिती निर्विवाद असते. 1983 चं रुदुल साह आणि 1993 चं नीलाबती बेहरा ही त्याची मूळ प्रकरणं. त्यांत सार्वभौमत्वाचा बचाव चालतच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. सोन्याच्या प्रकरणात पोलिसांनी स्वतःच लेखी कबूल केलं असेल आणि वजन-मालकीवर वाद नसेल, तर याचिकेचा विचार करता येतो. वाद असेल तर न्यायालय म्हणेल, पुरावा घेण्यासाठी दिवाणीत जा, आणि तोवर 161 ची मुदत निघून गेलेली असेल. म्हणून याचिका हा दाव्याला पर्याय समजू नये.

हुकूम मिळाल्यावर

सरकारविरुद्धचा हुकूम खासगी माणसाविरुद्धच्या हुकुमासारखा लगेच अमलात येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 82 प्रमाणे हुकूम झाल्यापासून तीन महिने तो सरकारने पाळलेला नसेल, तरच अंमलबजावणीची दरखास्त चालते. सरकारने अपील करून स्थगिती मागितली तर त्याच्याकडून तारण मागता येत नाही. पण व्याज थांबत नाही, म्हणून हुकुमातल्या व्याजाचा दर आणि तारीख नीट लिहून घेणं हे निकालाच्या दिवशीचं काम आहे. निकालाची प्रत हातात आल्यावर आधी तीच दोन वाक्यं शोधून वाचावीत, चुकली असतील तर ताबडतोब दुरुस्तीचा अर्ज द्यावा. तीन महिने संपले की दुसऱ्याच दिवशी दरखास्त दाखल करावी.